सगळ्या पानांचा एकच समास

रामाकोन्यात संत्र्याच्या डिंक्या रोगाची माहिती देताना कृषी विभागाच्या अनुराधाबाईंची फजितीच झाली. प्रोजेक्टरवरच्या प्रत्येक पारदर्शक पानावर मथळा निराळ्या जागी होता, ओळी उतरत गेलेल्या होत्या आणि कडेची अक्षरं पडद्याबाहेर जात होती.

"बाई, वाचून तर राहिलो," बागाईतदार यशवंतराव म्हणाले, "पण नजर कुठं ठेवावी तेच कळत नाही."

बाई घरी आल्या आणि त्यांनी सगळी पानं नव्यानं करायला घेतली. पानाखाली ग्राफपेपर ठेवला. चारही बाजूंना सारखा समास सोडला. मथळा प्रत्येक पानावर त्याच रेघेवर, मजकूर डावीकडे एकाच उभ्या रेघेपासून आणि झाडाचं चित्र नेहमी उजव्या अर्ध्यात. दोन ओळींमध्ये सारखंच अंतर ठेवलं. मजकूर मावेना तेव्हा अक्षर बारीक न करता त्यांनी शब्दच कमी केले.

सौंसरच्या शेतकरी मेळाव्यात पानामागून पान बदललं, पण मथळा जागचा हलला नाही. यशवंतराव मोठ्यानं वाचू लागले, "रोगट साल खरवडा. बोर्डो पेस्ट लावा." मागच्या रांगाही त्यांच्यासोबत वाचू लागल्या.

छिंदवाड्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "नागपूरच्या कोणत्या छापखान्यातून करून आणलीत ही पानं?"

"घरीच केली, सर. खाली ग्राफपेपर ठेवला, बस."

"मग पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना अशी पानं करायला तुम्हीच शिकवा."

बाईंना हसू आवरेना. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, पेस्टचं पान पुन्हा लावा, लिहून घेऊन राहिलो."