बाळ-बाळंतीण सुखरूप

माझ्या मुलीच्या जन्माची बातमी मी तिच्या जन्माच्या तीन आठवडे आधीच लिहून ठेवली होती. पत्रिका आणि कार्डं छापायच्या दुकानात चौदा वर्षं काढली की माणसाला अशा खोडी लागतात. आमच्याकडे कुणी बारशाचं, कुणी वास्तूचं, कुणी निवृत्तीचं कार्ड घेऊन येतं. मजकूर साधारण तोच असतो, जागा रिकाम्या असतात, आम्ही भरतो. गिऱ्हाइकाला वाटतं आपलंच सुख पहिल्यांदा छापलं जातंय. मी त्यांना हसायचो, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

मजकूर फोनमध्ये असा होता: "कळवायला खूप आनंद होतोय की आमच्या घरी आज ___ वाजता ___ आलं. वजन ___. बाळ-बाळंतीण सुखरूप. डॉक्टर, सिस्टर आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या सगळ्या नातेवाइकांचे मनापासून आभार." रिकाम्या जागा तीनच होत्या. मी त्या मोजून ठेवल्या होत्या, आणि त्याचा मला अभिमान होता.

सकाळी दहा अडतीसला मुलगी झाली. सिस्टरने दार अर्धं उघडून तिला दाखवलं. दुपट्यातून फक्त एक लालबुंद, रागावलेलं तोंड बाहेर होतं. "मुलगी. दोन किलो नऊशे. बाळ एकदम छान आहे," ती म्हणाली, "आईचं अजून चाललंय, थांबा थोडं." यातलं पहिलं मी ऐकलं. दुसरं कानावरून गेलं. सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणतो, बाळाला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मी फोन काढला. तिन्ही जागा भरल्या आणि दहा बावन्नला घरच्या ग्रुपवर पाठवून दिलं. ग्रुपचं नाव 'सगळे आपले', माणसं चौसष्ट.

लगेच फुलांचा पाऊस सुरू झाला. काकांनी नाचणारा हत्ती पाठवला. मावसभावाने विचारलं, "पार्टी कधी?" मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत होतो. तेवढ्यात बायकोच्या थोरल्या भावाचं आलं: "अभिनंदन जावईबापू! मग मी वळतो. एक लिफ्ट अडकलीय, तिकडे जातो. संध्याकाळी भाचीला बघायला येतो." दादा लिफ्टचा मेकॅनिक आहे. मी त्यालाही हात जोडले. बोट आपसूकच चाललं होतं.

तो हॉस्पिटलकडे का येत होता, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

अकरा वीसला डॉक्टरबाई बाहेर आल्या. हातमोजे काढलेले, पण गाऊनवर समोर रक्त. त्या घाईत नव्हत्या, आणि तेच मला भीतीदायक वाटलं. "गर्भाशय आकुंचन पावत नाहीये," त्या म्हणाल्या. "वार पडली, पण रक्तस्राव थांबत नाही. इंजेक्शनं दिलीत, आता आत फुगा टाकून दाब देतोय. आमच्याकडे ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या आहेत, त्या चढवायला घेतल्या. आणखी दोन हव्यात. तुमचे मेहुणे आलेत ना? त्यांचं नाव फाइलवर लिहिलंय."

सातव्या महिन्यात ठरलेली गोष्ट. बायकोचा रक्तगट ओ निगेटिव्ह, दादाचाही तोच. बाळंतपणाच्या दिवशी दादाने जवळ राहायचं, म्हणजे गरज पडलीच तर तो रक्त देईल. त्यासाठी त्याने रजा टाकली होती. आणि मी त्याला लिहिलं होतं, सुखरूप.

"ते येतीलच," मी म्हणालो. 

डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. दात्याचं रक्त लगेच चढवत नाहीत, आधी तपासण्या होतात आणि त्यात काही तास जातात. म्हणून तयार पिशव्या हव्यात. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रक्तपेढीत दोन आहेत, फोनवर विचारलंय. तिथे बायकोच्या रक्ताचा नमुना आणि मागणीचा कागद घेऊन जायचं, ते जुळवून बघतील आणि पिशव्या देतील. सिस्टरने लेबल लावलेली काचेची नळी माझ्या हातात दिली. ती अजून कोमट होती. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि त्यावर हात दाबून धरला. आईंनी फक्त बाळाला जवळ ओढलं.

रिक्षात मी दादाला अकरा फोन केले. रिंग जाते, कुणी उचलत नाही. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरताना तो फोन वर हत्यारांच्या पिशवीत ठेवतो, हे मला माहीत होतं. त्यानेच एकदा फुशारकीने सांगितलं होतं, "खड्ड्यात फोन वाजला तर माणूस दचकतो." मग मी ग्रुपवर लिहिलं: "ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवंय. दादाला कुणी तरी निरोप द्या." ते वर सरकून गेलं. त्याच्याखाली आत्याने लिहिलं, "लक्ष्मी आली घरा!" आणि सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा लिहिलं. चुलतसासऱ्यांनी त्याला अंगठा दाखवला. वाचल्याशिवाय दाखवलेला अंगठा मी ओळखतो, आमची गिऱ्हाइकं प्रूफवर असाच देतात.

रक्तपेढीतल्या बाईंनी नळी घेतली, कागद वाचला, वरपासून खालपर्यंत. त्यांच्या हाताला घाई नव्हती, पण तो थांबतही नव्हता. "पाऊण तास लागेल जुळवायला," त्या म्हणाल्या. "दोन्ही जुळल्या तर एक लगेच नेता येईल. दुसरी आमची शेवटची आहे. त्याच गटाचा दाता येऊन बसला तर तीही देते. ती तशीच दिली तर मला इथल्या एखाद्याला नाही म्हणावं लागेल."

मी खुर्चीत बसलो. समोर भिंतीवर घड्याळ, हातात फोन, आणि फोनमध्ये अभिनंदनं. तेव्हा मला स्वतःचाच इतका राग आला की दात आवळले गेले. चौदा वर्षं लोकांच्या कार्डांवरच्या चुका काढतो मी. वेलांटी, तारीख, पाहुण्याचं आडनाव. आणि स्वतःच्या ओळीत, जिथे डॉक्टरांना विचारून भरायची जागा हवी होती, तिथे 'सुखरूप' आधीच छापून ठेवलं होतं. ते लिहिताना मी कुणालाच विचारलं नव्हतं.

मी वर सरकत गेलो, फुलं, हत्ती, टाळ्या ओलांडत, आणि ती बातमी शोधली. तिच्यावर बोट दाबून धरलं. 'सर्वांसाठी डिलीट करा.' एक क्षण वाटलं, हे अपशकुनी नाही का? मग वाटलं, खोटं राहू देणं जास्त अपशकुनी. पुसलं.

तिच्या जागी राखाडी ओळ राहिली, हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

ग्रुप गप्प झाला. दोन मिनिटं एकही फूल नाही. मग काकांनी विचारलं, "का रे पुसलंस?" त्याखाली आत्या: "काय झालं? बोल की." मावसभाऊ: "अरे वरचं वाचा, रक्त हवंय म्हणतोय." चौसष्ट माणसांनी एवढा वेळ जे वाचलं नव्हतं, ते एका पुसलेल्या ओळीने वाचायला लावलं. आणि तेव्हा दादाच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला.

"मी बोलते," एवढंच त्या म्हणाल्या. "तो कुठल्या बिल्डिंगमध्ये गेलाय ते मला माहितीये. वॉचमनला फोन करते."

वॉचमन, हे मला नंतर कळलं, लिफ्टच्या उघड्या दारातून खाली खड्ड्यात ओरडला होता, "तुमच्या बहिणीला रक्त लागतंय!" दादा शिडीवरून धडपडत वर आला.

पस्तीस मिनिटांनी तो रक्तपेढीच्या दारात उभा राहिला. हाताला काळं ग्रीस, शर्टाच्या बाहीला ठिगळासारखा डाग. माझ्याकडे बघितलंही नाही. बाईंनी विचारलं, "काही खाल्लंय का सकाळी?" "चहा-बिस्किट." "हात स्वच्छ धुवा. आधी वजन, बीपी आणि हिमोग्लोबिन बघते." बोटाला सुई टोचताना त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली.

"सुखरूप लिहिलं होतंत तुम्ही."

"हो."

"मी अर्ध्या रस्त्यातनं वळलो."

"माहितीये, दादा."

तो पलंगावर आडवा झाला, मूठ उघडझाप करायला लागला. नळीतून गडद लाल रक्त पिशवीत उतरत होतं. ते रक्त माझ्या बायकोला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी मिळणार होतं, ज्याच्या नावाचा आम्हाला पत्ताही नव्हता. त्याच्या बदल्यात दोन पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून माझ्या हातात आल्या. "पळा," दादा पडल्या पडल्याच म्हणाला, "मी चहा घेऊन येतो."

एक पस्तीसला पिशव्या आत गेल्या. मग दोन वाजले, सव्वादोन, अडीच. कुणी बाहेर येईना. दाराला काच होती पण पडदा ओढलेला. बाळ एकदा रडलं, आईंनी तिला माझ्याकडे दिलं. मला वाटलं होतं मी मुलीला हातात घेईन तेव्हा छाती फुगेल. छाती फुगली नाही. मी तिला सांगितलं, "थांब जरा, आई येतेय." आणि घाबरलो, कारण हेही मी विचारल्याशिवायच बोललो होतो.

पावणेतीनला डॉक्टरबाई आल्या. "रक्तस्राव आटोक्यात आलाय," त्या म्हणाल्या. "फुगा उद्यापर्यंत ठेवू."

"मग ती... सुखरूप म्हणू का?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "उद्या म्हणा. चोवीस तास जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी फुगा काढला. दुपारी बायकोला खोलीत आणलं. चेहरा कागदासारखा पांढरा, पण डोळे तिचेच. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं. मी नवी बातमी लिहिली होती. तिला फोन दाखवला.

"कळवायला खूप आनंद होतोय. काल सकाळी आमच्याकडे मुलगी आली. डॉक्टरबाई आणि त्यांच्या सिस्टर, रक्तपेढीतल्या बाई, वहिनी, खड्ड्यात हाक मारणारा वॉचमन आणि दादा, तुमचे उपकार फिटणार नाहीत. ज्यांचं कालचं अभिनंदन मी घाईने घेतलं, त्यांची माफी. बाळ छान आहे. बाळंतीण ___."

तिने ते दोनदा वाचलं. हळूच हसली. हसताना दुखलं असावं, कारण भुवई आक्रसली.

"जागा रिकामी ठेवलीस," ती म्हणाली.

"तू भर."

एका हाताला सलाईनची सुई होती, दुसऱ्या हाताच्या दंडावर बाळाचं डोकं. म्हणून मी फोन तिच्यापुढे धरला आणि तिने सुईच्याच हाताच्या अंगठ्याने एकेक अक्षर दाबलं. वेळ लागला. 'सुखरूप' लिहून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आता पाठव."