खोटे रंग

वेधशाळेत तिला सगळे रंगारीण म्हणत. दुर्बिणीतून येणारे फोटो काळेपांढरे असतात, ते एकोणीस वर्षं हीच रंगवत होती. मनाला येतील ते रंग मात्र नव्हेत. तेजोमेघाचे फोटो तीन फिल्टरमधून घेत: एकातून फक्त गंधकाचा प्रकाश, दुसऱ्यातून हायड्रोजनचा, तिसऱ्यातून ऑक्सिजनचा. गंधक आणि हायड्रोजन खरं तर दोन्ही लालच, डोळ्यांना वेगळे कळत नाहीत. म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. कुठला वायू कुठे आहे, ते रंगावरून कळतं. याला सगळे ‘खोटे रंग’ म्हणत, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

नव्या तेजोमेघाचे फोटो जुळवताना तिला रंग उलटे दिसले. निळा कडेला होता आणि लाल मधल्या ताऱ्याभोवती. ऑक्सिजन तसा उजळायचा तर प्रखर तारा जवळ हवा, म्हणजे निळा मध्येच पाहिजे. फिल्टर पुसून परत बसवताना गंधक-ऑक्सिजनची अदलाबदल झाली होती. संगणक बापडा फिल्टरच्या खाचेचा नंबर बघून फोटोला नाव देतो. आणि फिल्टर बसवले होते खुद्द साहेबांनी.

तिनं जाऊन सांगितलं. साहेब हसले. रंग खोटेच आहेत, लोकांना काय कळणार, उद्या छापायचंय, म्हणाले. ती आपल्या टेबलाशी परतली. लेखी द्यायला हवं होतं, पण साहेबांना लेखी कोण देतं?

फोटो गाजला. आठवड्याभरात दुसऱ्या वेधशाळेचं पत्र आलं: तुमचा ऑक्सिजन उलटा आहे. मग चौकशी बसली. अध्यक्षबाई प्रशासनातल्या, उभा जन्म फायलींत गेलेला. प्रश्न विचारायला शेजारी साहेबच.

"रंग कोणी दिले, ताई?"

"मी. पण फिल्टर–"

"फिल्टरचं नंतर. या फोटोतले रंग खोटे आहेत की खरे?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. हा शब्द तिला त्यांनीच शिकवला होता, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, फळ्यावर तीन रंगीत खडूंनी. तेव्हा तिला त्यांच्याबद्दल केवढा आदर वाटला होता.

"खोटे म्हणतात त्यांना. पण त्याचा अर्थ–"

"हो की नाही?"

"हो."

अध्यक्षबाईंचा चेहरा कडवट झाला. एकोणीस वर्षं खोटे रंग देत होतात, त्यांनी विचारलं, आणि तेही पगार घेऊन? साहेबांनी खाली बघत चष्मा पुसला. फिल्टरचं ‘नंतर’ काही आलं नाही.

कागद पुढे सरकला. त्यावर एकच ओळ होती: प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रातले रंग खोटे असून ते मीच दिले आहेत. तिनं ती तीनदा वाचली. चूक कुठेच सापडेना. पेन साहेबांनी दिलं, टोपण काढून.

तिनं सही केली.