अधमा, अपराध मान्य कर!

संपादकांना सगळे ‘तत्समसाहेब’ म्हणत. ‘साहेब’ शब्द अरबी-फारसीतून आलाय, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. प्रूफवाल्या बाईंची होती, पण एवढी मजा एका दिवसात कोण उडवून टाकेल?

आज मात्र मजा अंगाशी आली होती. निवृत्त फौजदाराच्या आठवणींचं पुस्तक पाच वाजता छपाईला जायचं होतं, आणि तत्समसाहेबांनी फारसी शब्दांवर लाल शाईचा नांगर फिरवला होता. फौजदार चोराची गचांडी धरून ओरडतो, “हरामखोरा, गुन्हा कबूल कर!” तिथे आता होतं, “अधमा, अपराध मान्य कर!”

“हा फौजदार आहे की पौराणिक नाटकातला राजा?” बाईंनी पानं टेबलावर आपटली. “चोर घाबरायचा सोडून हसत सुटेल.”

“पुस्तकाला भारदस्तपणा नको?”

“जिथे हवा तिथे मीच आणलाय. शोकसभेच्या भाषणात फौजदारांनी ‘मेल्याची खबर’ लिहिलं होतं, मी ‘निधनाची वार्ता’ केलं. ते हसून हो म्हणाले. पण कोठडीतही तीच झूल? पानं बदलली तर पुस्तक परत नेईन, असं बजावलंय त्यांनी.”

“नेऊ दे! आणि तुम्ही जास्त शहाणपणा शिकवू नका.”

बाई जागेवर येऊन बसतात न बसतात तोच साहेबांची चिठ्ठी आली: ‘ताकीद. पाचच्या आत दुरुस्त पानं हजर करा. बेजबाबदारपणाची गय होणार नाही. नोकरीवरून बरखास्त करीन.’

बाईंची बावीस वर्षांची नोकरी! मग चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि गालात हसू फुटलं. त्यांनी लाल पेन उचललं, साहेबांच्याच नियमाने चिठ्ठी तपासली आणि नेऊन दिली: ‘सूचना. पाचच्या आत संशोधित पृष्ठे प्रस्तुत करावीत. अनुत्तरदायित्व क्षम्य नसेल. सेवेतून मुक्त करण्यात येईल.’

साहेबांचे कान तापले. “हा काय फाजीलपणा? मी दम दिलाय, निरोपसमारंभाची निमंत्रणपत्रिका नाही काढली!”

“फौजदारांचंही तेच म्हणणं आहे. त्यांनीही दमच दिलाय.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खोकल्याआड हसलं. साहेब चिठ्ठीकडे बघत राहिले. ओठ हलले, बहुधा दोन्ही मजकूर मनात म्हणून पाहिले असावेत. मग चिठ्ठी चुरगळून टोपलीत भिरकावली.

“छापा तुमचं ते! पण संपादक म्हणून माझं नाव काढा. शिव्या तुम्हीच खा.”

“कुणाचं नाव टाकू?”

“तुमचं! आणि आता तोंड काळं करा इथून.”

बाईंनी त्यांच्यासमोरच त्यांचं नाव खोडलं, शेजारी आपलं लिहिलं, आणि साहेबांच्या लाल शाईच्या प्रत्येक दुरुस्तीवर ‘मूळ ठेवा’ असा शेरा मारत पानं छापखान्याकडे नेली. साडेचार वाजले होते.