आजाराचं नाव न घातलेला अर्ज

चिमी जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून घरच्यांनी तिला चिमी म्हटलं. आता ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, दारातून आत येताना मान वाकवत होती आणि तरीही चिमीच होती. नाव बदलायला कुणाला वेळ आहे?

तर या चिमीचं पोट बिघडलं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं आठवडाभर. खोली ते संडास एवढंच तिचं जग उरलं. आईनं साखर-मीठ-पाणी पाजलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आठवड्याच्या शेवटी पोट ताळ्यावर आलं. तोवर फ्लुइड मेकॅनिक्सची पाचवी असाइनमेंट देण्याची तारीख उलटून गेली होती. उशीर म्हणजे शून्य, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलेलं.

आता मुदत मागण्याचा अर्ज लिहायचा. पण पोटाचं काय झालं हे सरांना कुठल्या तोंडानं कळवायचं, इथं घोडं अडलं.

"सरळ लिही, जुलाब झाले म्हणून," आई म्हणाली. "चोरी केलीस का?"

"आई! सर आहेत ते!"

"मग? सरांना पोट नाही?"

ताई मात्र विमा कंपनीत होती. लोकांचे अर्ज वाचायचे आणि नाकारायचे, हीच तिची नोकरी. त्यामुळे अर्ज कसा असावा याबद्दल तिचा शब्द घरात शेवटचा. "तपशील द्यायचाच नाही," ती म्हणाली. "तपशील दिला की समोरचा प्रश्न विचारतो. नुसतं वजन ठेवायचं." आणि तिनं धडाधड सांगितलं, चिमीनं लिहून घेतलं:

'आदरणीय सर, सविनय विनंती अशी की, गेला आठवडा मी एका अशा आजाराला तोंड देत होते, ज्याचा उल्लेख येथे करणे मला जड जात आहे. या काळात माझ्या कुटुंबीयांनी मला मोठा धीर दिला. पुढे काय होईल ते सांगता येत नाही, परंतु आपल्या विषयाबद्दलची ओढ कायम आहे. तरी असाइनमेंटसाठी थोडी अधिक मुदत मिळाल्यास मी आपली आजन्म ऋणी राहीन.'

"'पुढे काय होईल' कशाला?" चिमीनं विचारलं.

"खोटं आहे का? सांगता येतं का तुला?"

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही फक्त 'उपचार चालू, सक्त विश्रांती' एवढंच होतं. चिमीनं दोन्ही कागद टाचणीनं जोडले आणि विभागाच्या ऑफिसात देऊन आली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. सरांना मुलं लॅमिनार म्हणत. पाइपातलं पाणी संथ, थरांवर थर, जराही न घुसळता वाहिलं तर त्याला लॅमिनार प्रवाह म्हणतात. सरांचं बोलणं तसंच. मागच्या बाकांवरची निम्मी मुलं त्यात झोपून जात.

चिमी हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये शिरली तर सर चक्क उभे राहिले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. पंपाशी उभ्या असलेल्या लॅबच्या काकांनी न सांगता पंप बंद केला आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. आपल्यामागून दुसरं कुणी मोठं आलं की काय, म्हणून चिमीनं वळून बघितलं.

"बस, बेटा," सर म्हणाले. बेटा! चार असाइनमेंटांत त्यांनी तिला रोल नंबरापलीकडे हाक मारली नव्हती. "उपचार नीट चालू आहेत ना?"

"हो सर. गोळ्या संपल्या."

"संपल्या," सरांनी खाली बघितलं. काकांनी डोळे पुसले की चष्मा, ते चिमीला कळलं नाही. "हे बघ, तू मुदत मागितलीस. मला ते बघवेना. मी विभागप्रमुखांशी बोललो. गंभीर आजारात असाइनमेंट माफ करता येते. पाचवी तू करायचीच नाही. आधीच्या चारांची सरासरी धरू. झालं? आता फक्त तब्येतीकडे लक्ष दे."

चिमीच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या चारांत तिला चार, पाच, चार, पाच होते. दहापैकी. सरासरी साडेचार, आणि परीक्षेला बसायला पाच लागत. म्हणजे सरांनी मोठ्या मायेनं तिला नापास केलं होतं.

पाचवीत सात पडले तरच ती तरणार होती. आणि पडले असते! पहिले चार महिने हा विषय तिच्या डोक्यावरून गेला होता. पण आजारी पडायच्या आधी पाचवीतलं पहिलं गणित ती करायला बसली आणि काहीतरी उलगडलं. एका टाकीतून दोन समांतर पाइप, पुढे पुन्हा एकत्र. कुठल्या पाइपातून किती पाणी जाईल? घर्षणाचा गुणांक हवा तर वेग हवा, वेग हवा तर गुणांक हवा. मग काय, एक गुणांक धरायचा, वेग काढायचा, त्यावरून गुणांक सुधारायचा, पुन्हा वेग काढायचा. आकडे हलायचे थांबेपर्यंत. अंदाज चुकला तरी चालतो, हे तिला या विषयात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. तिला ते गणित मनापासून आवडलं होतं.

"सर, मला माफी नको," ती म्हणाली. "मला असाइनमेंट हवी."

"हा तुझा मोठेपणा आहे, पण अशा आजारात—"

"सर, मला जुलाब झाले होते."

सरांनी टेबलावरचा तिचा अर्ज उचलला.

"जुलाब," सर म्हणाले.

"हो सर."

"आणि हे 'पुढे काय होईल ते सांगता येत नाही'?"

"ते ताईनं घातलं, सर."

सर लाल झाले. लॅमिनार सरांचा प्रवाह त्या दिवशी पहिल्यांदा घुसळला. "काल रात्री माझी बायको तुझ्यासाठी रडली आहे! प्रमुखांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं! आणि काका तर—" काका पाठ फिरवून पंपाशी उगाच काहीतरी पिळत होते. त्यांचे खांदे हलत होते, पण रडण्यानं नव्हे.

चिमीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तरी तिनं पिशवीतून अर्धवट असाइनमेंट काढून टेबलावर ठेवली. "सर, माझी सरासरी साडेचार होते. माफ केलंत तर मला परीक्षेला बसताच येणार नाही. आणि हे मला येतंय, सर. खरंच येतंय."

सरांनी ती पानं एकेक करून उलटली. खाडाखोड, तीनदा सुधारलेला गुणांक, शेवटी जुळलेले आकडे. त्यांचा राग उतरत गेला. दया करताना आपण हिचे मार्क बघितलेच नाहीत, हे त्यांना लागलं असावं.

"नवा अर्ज लिही. इथंच बसून. आजाराच्या नावासकट."

चिमीनं लिहिलं: 'सर, मला आठवडाभर जुलाब होत होते. आता थांबले आहेत. सोमवारपर्यंत मुदत द्यावी.' सरांनी सही केली आणि पहिला अर्ज फाडून टोपलीत टाकला.

सोमवारी ती असाइनमेंट घेऊन गेली. सर समोरच तपासायला बसले. चिमी उभी राहून त्यांच्या पेनाकडे बघत होती. शेवटच्या पानावर पेन थांबलं, आणि खाली आकडा पडला. सात.

तिचा जीव भांड्यात पडला. बरोबर पाच सरासरी. काठावर, पण पार. आता वही उचलायची, सरांना नमस्कार करायचा आणि पळायचं, एवढंच बाकी होतं.

ती हलली नाही.

"सर," ती म्हणाली, "पण तीन कुठं गेले?"

सरांनी वर बघितलं. "या पाइपावर व्हॉल्व्ह आहे. त्यात पाण्याचा दाब घटतो, तो लॉस तू धरलाच नाहीस."

"पण लांब पाइपात तो सोडला तरी चालतो, सर. तुम्हीच सांगितलंय."

"लांब पाइपात. हा आखूड आहे, आणि व्हॉल्व्ह अर्धा बंद."

"किती फरक पडेल, सर? थोडाच ना?"

सरांनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"बस," ते म्हणाले. "काढून दाखव."

चिमीनं खुर्ची ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.