बिडच्या रकान्यातलं शून्य

चार्ट नाचवत हुज्जत घालणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. सुदर्शनभाऊ त्यातलेच. मुरुडला त्यांचं बियाण्यांचं दुकान. लातुरात आमच्या शेअर दलालीच्या ऑफिसात मंगळवारी भरदुपारी ते आले आणि मोबाइल थेट माझ्या नाकाशी धरला.

"विशाखाताई, बघा! महिन्यात साठावरनं नव्वदवर. आता सगळे विकायचे. शेजारच्या गाळ्याचं बयाणं शुक्रवारी द्यायचंय. न्हाई दिलं तर गाळा गेला दुसऱ्याच्या घशात."

चार्ट खरंच देखणा होता. ओळीनं हिरव्या कँडल, म्हणजे भाव चढल्याच्या उभ्या पट्ट्या, एकीपेक्षा दुसरी उंच. कंपनीचं नाव मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. मी माझ्या कॉम्प्युटरवर बाजारभावाचा स्क्रीन उघडला. एलटीपी ९०.४०. आस्क ९१, शेअर वीस. आणि बिडच्या रकान्यात शून्य. त्याखालच्या ओळींतही शून्यच.

"सुदर्शनभाऊ, विकणार कुणाला? इथे घेणाराच नाही."

"अहो, नव्वद दिसून राहिलाय की!"

"तो एलटीपी. शेवटचा सौदा कितीला झाला, एवढंच तो सांगतो. आत्ता घेणारा काय द्यायला तयार आहे ते बिड. विकणारा काय मागतोय ते आस्क. तुम्हाला आत्ताच्या आत्ता विकायचं तर बिड बघायची. आणि चार्ट काढतात झालेल्या सौद्यांवरून, त्यात बिड दिसतच नाही. मोंढ्यात काल तूर ज्या भावानं गेली, त्या भावानं आज तुमची जाईल का? समोर घेणारा उभा नको?"

"मग कालचा सौदा कुणी केला?" ते चिडून म्हणाले.

मलाही तेच बघायचं होतं. मी त्यांच्या खात्यातले व्यवहार काढले आणि चार्टशेजारी ठेवले. काल दिवसभरात बाजारात या कंपनीचे वीस शेअर हलले होते. ते वीसही सुदर्शनभाऊंनीच घेतले होते. गेल्या शुक्रवारच्या सौद्याचं तेच, त्याआधीच्या आठवड्याचंही तेच. मधे एका दिवशी कँडलच नव्हती.

"त्या दिवशी हिमायतनगरला लग्नाला गेलतो," ते हळूच म्हणाले. "घेतलेच न्हाईत."

मी चार्ट पुन्हा पहिल्यापासून पाहिला. महिनाभर त्या चार्टवर दुसरं कुणी फिरकलंच नव्हतं. आस्क थोडं वर उभं असायचं, सुदर्शनभाऊ त्या भावानं घ्यायचे, एलटीपी तिथं चढायचा. मोबाइल यांचे जुने सगळे शेअरही त्याच भावानं मोजून नफा दाखवायचा, आणि त्या खुशीत हे दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे.

"ताई, मग हा विकणारा कोण हाय?"

"स्क्रीनवर नाव नसतं."

"रोज वीसच ठेवतोय. मी घेतले की थोड्या वेळानं परत वीस. माझी वाट बघून राहिला असंल."

"काहीतरीच काय बोलता!" मी खेकसले. पण माझीही नजर त्या ९१ वरून हलेना.

त्यांनी मोबाइलवरून सगळे शेअर ९०.९५ ला विकायला लावले, त्या अनोळखी माणसाच्या पाच पैसे खाली. आस्कमध्ये आमचा आकडा वर आला. एलटीपी जागचा हलला नाही. मी म्हटलं, पंच्याऐंशीला लावा, ऐंशीला लावा, कुणाला तरी मोह होऊ दे. त्यांनी ऐकलं नाही. बिडच्या शून्याकडे ते एकटक बघत बसले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी ते तसेच. बाई गं, त्या माणसाच्या शेजारी बसायची मला भीती वाटायला लागली.

मग ते उठले आणि दारात उभं राहून फोन लावला. धाकटा भाऊ सत्यम, नांदेडला एका कॉलेजात नोकरीला.

"सत्या, एक नाव सांगतो, चार्ट उघड. रोज चढून राहिलाय. दादावर भरोसा हाय ना? मग सगळे पैसे लाव, ९०.९५ ला घे."

"फोन ठेवा!" मी खुर्ची ढकलून ओरडले. "पाठचा भाऊ आहे तो तुमचा! लाज वाटते का?"

त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. आवाज मात्र मायेनं भरलेला होता.

स्क्रीन लुकलुकला. एलटीपी ९०.९५. चार्टवर नवी हिरवी कँडल उगवली, कालच्यापेक्षा उंच. सगळे शेअर सत्यमच्या गळ्यात घालून सुदर्शनभाऊ सुटले होते. आस्कमध्ये परत ९१, शेअर वीस. बिडमध्ये शून्य.

फोनमधून सत्यमचा आनंदानं फुललेला आवाज माझ्यापर्यंत आला. "दादा, मी घेतला आन् लगेच चढला बघ! उद्या अजून घेऊ का?"

सुदर्शनभाऊंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "घे की. वीस वीस घे."