पश्चिमेचा गुडघा

मक्याची शेड काल दुपारी साडेतीनला पडली आणि आज सकाळी दहाच्या आत दोषी माणूस सापडलासुद्धा. आपल्याकडे एवढ्या चपळाईने दुसरं काही होत नाही.

शेड पडल्याचा फोन आला म्हणून शीला पाटील बसमधून विसरवाडीच्या फाट्यावर उतरली, पण दोषी सापडल्याचं तिला ठाऊक नव्हतं. नंदुरबारला तिचं छोटं ऑफिस. लोखंडी शेडांचे हिशेब करायचे, ड्रॉइंग काढायचं, खाली सही ठोकायची, हे ती एकोणीस वर्षं करत आली होती. कालपर्यंत तिची एकही शेड पडली नव्हती. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. लग्नकार्यात पंगतीला बसल्यावर शेजारणीलासुद्धा सांगून मोकळी व्हायची.

हायवेपासून दोनशे पावलांवर ती थांबली. पत्रे शेतात उडून पडलेले, मधली चौकट पूर्वेकडे कलंडून जमिनीला टेकलेली आणि सगळीकडे पिवळाधमक मका सांडलेला. त्या मक्यात एका जागी तपकिरी डाग होता. कोणीतरी त्यावर पोतं टाकलं होतं, पण पोतं अपुरं पडलं होतं.

"आमच्या हमालाचा, डोंगरसिंगचा पाय कापावा लागला, मॅडम," मयंक म्हणाला. कोंबडीखाद्याचा हा कारखाना त्याचा आणि त्याच्या आजोबांचा, चंपालालशेठचा. रात्रभर हॉस्पिटलात बसून त्याचे डोळे लाल झाले होते. "गुडघ्याच्या वरून. धडगावहून बायकोला बोलावलंय, अजून पोचली नाही. तिला मी काय सांगू?"

शीलाने विचारलं, "पडली कशी?"

"भिलाच्या वेल्डिंगने घात केला. पूर्वेकडचा सांधा उसवलाय, बघा तुम्ही. आणि तो स्वतःच कबूल झालाय. हवालदार येताहेत पंचनाम्याला. तुम्ही फक्त तांत्रिक बाजूचं लिहून द्या, की सांधा कच्चा होता."

भिला! शीलाला हा दुसरा धक्का. पंधरा वर्षं तिच्या ड्रॉइंगवर काम करणारा वेल्डर. जोड मारून झाला की हातोडीने ठोकून त्याचा आवाज ऐकणारा, आणि आवाज पटला नाही तर कोणी न सांगता पुन्हा कापून जोडणारा. तो कच्चा जोड मारेल? पण सांधा उसवलेला तर दिसत होता. ती ढिगाऱ्याकडे गेली. खरं सांगायचं तर तिला आतून थोडं हायसंही वाटलं होतं, आणि त्याची लाज त्याच क्षणी वाटली होती.

चौकट साधी होती. दोन उभे खांब, त्यांच्यावर आडवी तुळई. तुळई आणि खांब जिथे मिळतात त्या कोपऱ्यांना या धंद्यात गुडघे म्हणतात. खांबांचे पाय दोन-दोन बोल्टांवर टेकलेले, म्हणजे हिशेबात मोकळेच वळणारे. तुळईच्या मधोमध मक्याची कोठी टांगलेली. खाली ओढणारी कोठी आणि आडवा ढकलणारा वारा, एवढे दोनच शत्रू.

तुळई मध्यावर मोडल्यासारखी वाकली होती. पूर्वेचा गुडघाही वाकला होता आणि त्याच्या बाहेरच्या कडेला वेल्ड फाटला होता. तेवढं बघून कोणीही भिलालाच धरलं असतं. शीला मात्र खाली बसली आणि आतल्या बाजूने बघू लागली. तिथली लोखंडी पट्टी लुगड्याच्या निरीसारखी चुरगळली होती. आजूबाजूचा लाल रंग तिरक्या रेघांनी उडाला होता.

कच्चा जोड आधी फाटला असता, तर ही पट्टी अशी चुरगळलीच नसती. पोलाद इथे आपली शेवटची ताकद लावून बसलं होतं. ते पुरतं वळलं, वळतच गेलं, आणि मग कुठे वेल्ड फाटला. भिलाचा जोड पोलादापेक्षा जास्त टिकला होता.

ती घाईघाईने पश्चिमेच्या गुडघ्याकडे गेली. वारा सुरतेच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून आला होता. नुसत्या वाऱ्याने चौकट कलंडते तेव्हा दोन्ही गुडघे वळतात. नुसत्या कोठीच्या ओझ्याने तुळई खचते तेव्हा दोन्ही गुडघे वळतात आणि मध्यही वळतो. कसंही पडलं तरी पश्चिमेचा गुडघा वळायलाच हवा, असं तिच्या वहीत होतं. भिलाने सोबत आणलेल्या हत्यारांच्या पेटीत काटकोन तपासायचा गुण्या पडला होता. तिने तो उचलून कोपऱ्याला लावला.

काटकोन होता. रंगाला तडासुद्धा नव्हता. भिलाने उभारणीच्या दिवशी तेलखडूने काढलेली बरोबरची खूण अजून शाबूत होती. पश्चिमेचा खांब आणि तुळईचा अर्धा भाग एकसंध राहून सोबतच कलंडले होते.

शीला गुण्या हातात धरून तशीच बसून राहिली. एकोणीस वर्षांचा अभिमान त्या काटकोनापाशी संपला होता.

तिने पर्समधली वही काढली आणि मांडीवर ठेवून आकडे मांडले. या चौकटीचं पोलाद एका जागी वळताना सोळा टन-मीटरपर्यंत विरोध करतं, मग विरोध न वाढवता वळत राहतं. तुळई खचली तर दोन गुडघे एकेकदा आणि मध्य दुप्पट वळतो, म्हणजे सोळा चोक चौसष्ट. आठ टनांचं ओझं पाच मीटरच्या अर्ध्या तुळईवर चाळीस. चौसष्टाला चाळीस, म्हणजे लागते त्याच्या एक पूर्णांक सहा पट ताकद. कलंडली तर दोन गुडघ्यांचे बत्तीस, आणि चार टनांचा वारा पाच मीटर उंचीवर वीस. तेही एक पूर्णांक सहा. हे दोन आकडे तिने दोन वर्षांपूर्वी काढले होते आणि खूश होऊन चहा मागवला होता.

तिसरा हिशेब तिने केलाच नव्हता. चौकट खचते आणि कलंडतेही, एकाच वेळी. तेव्हा खचणं पश्चिमेच्या गुडघ्याला एकीकडे वळवू बघतं, कलंडणं बरोबर उलटीकडे, आणि तो गुडघा मुळी वळतच नाही. वळतात दोनच जागा, मध्य आणि पूर्वेचा गुडघा, दोन्ही दुप्पट. विरोध पुन्हा चौसष्टच. पण आता ओझ्याचे चाळीस आणि वाऱ्याचे वीस एकत्र. चौसष्टाला साठ.

एक पूर्णांक शून्य सात. दोनदा बेरीज केली, तरी तेच. काल कोठीला वरून फळ्या लावून मका शिगोशीग भरला होता आणि वादळही नेहमीपेक्षा दांडगं होतं. एवढ्याशा शिलकीला संपायला तेवढं पुष्कळ होतं.

आणि हे तिने का केलं नाही? विसरली म्हणून नाही. हे आठवून तर ती आणखीच हादरली. चंपालालशेठचा चौविहार, सूर्यास्तानंतर ते जेवत नाहीत, कारखाना त्याआधी बंद, रोज कोठी रिकामी करूनच कुलूप. आणि वैशाखातली वादळं इकडे दिवेलागणीला येतात. म्हणून तिने वहीत ठसठशीत लिहिलं होतं, 'वादळात कोठी रिकामी.' म्हाताऱ्याच्या जेवणाच्या वेळेवर तिने चौकट उभी केली होती. काल वादळ साडेतीनलाच आलं. वादळाला काय, चौविहार थोडाच पाळायचा होता!

मग तिला उभारणीचा दिवस आठवला. भिला शिडीवर चढून याच गुडघ्यापाशी बसला होता. वरूनच त्याने विचारलं होतं, "ताई, कोठी भरेल ऱ्हायनी नि वारा बी संगेच उना तं?" ती खालून हसली होती. "दोन्ही एकदम येत नाहीत रे. तू तुझा जोड बघ." एवढं बोलून ती सावलीत गेली होती.

"मॅडम, हवालदार आले," मयंकने हाक मारली.

कडुनिंबाखाली हिंमतराव हवालदार खुर्चीवर कागद घेऊन बसले होते. समोर जमिनीवर भिला. त्याने रात्री काही खाल्लं नसावं. शीलाला बघताच तो उठून उभा राहिला.

"ताई, तुम्हले तरास दिधा मी," तो म्हणाला. "मन्हा जोड चुकना."

"तुला कोणी सांगितलं जोड चुकला म्हणून?"

"सांगाले कोन पाहिजे? तुम्हना हिसाब तं चुकाव नही. मंग मन्हाच हात चुकना व्हई." त्याने दोन्ही हात पुढे करून बघितले. "काल्हपाइन इचार करी ऱ्हायनू, कोठे चुकना."

हा माणूस तिच्या सहीवर विश्वास ठेवून तुरुंगात जायला निघाला होता, आणि ती तासाभरापूर्वी हायसं वाटून घेत होती.

मयंक तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, तो कबूल आहे ना? तुम्ही आता काही नवीन काढू नका. तुमचं सगळं काम बंद पडेल."

"पडू दे," शीला म्हणाली. "हिंमतरावदादा, लिहा. पूर्वेचा जोड पोलाद पुरतं वाकल्यावर फाटला. तो कच्चा नव्हता. पश्चिमेचा गुडघा काटकोनात आहे, फोटो काढा, गुण्या लावून मोजा. ओझं आणि वारा एकत्र आल्यावर चौकट कशी पडेल, हे हिशेबात तपासलंच नव्हतं. चूक ड्रॉइंगची आहे."

हिंमतरावांनी पेन थांबवलं. "ड्रॉइंग कोणाचं?"

"शीला रतिलाल पाटील. राहणार नंदुरबार."

हवालदाराने तिच्याकडे बघितलं, मग भिलाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "ताई, विचार करी ल्या. पायाचा मामला शे. लिहिलं की खोडता येत नाही."

"खोडायचं नाहीये. लिहा."

भिला हात तसेच पुढे धरून उभा होता. त्याचा चेहरा उजळला नाही. उलट तो भ्यायल्यासारखा दिसला. त्याच्या जोडापेक्षा ताईचा हिशेब चुकणं त्याला मोठं वाटत होतं.

"ताई," तो फार हळू म्हणाला, "मी इचारं व्हतं तुम्हले."

"हो," शीला म्हणाली. "विचारलं होतंस. दादा, हेही लिहा. वेल्डरने विचारलं होतं."

पेन कागदावर चालू लागलं. तेवढ्यात हायवेवर धडगावच्या बाजूची एक जीप थांबली आणि त्यातून एक बाई उतरली. हॉस्पिटलात डोंगरसिंगकडे, आपल्या नवऱ्याकडे, जायच्या आधी तिला पडलेली शेड बघायची होती, आणि ती कोणी बांधली ते विचारायचं होतं. मयंक पुढे झाला, पण शीलाने त्याला हाताने थांबवलं आणि स्वतः रस्त्याकडे चालू लागली.