सावधान झालं की काळोख

जयरामशेठच्या मंगल कार्यालयाचा जनरेटर माझ्याच हिशोबाने आला होता, त्यामुळे तो बंद पडला की लोक माझ्याकडे बघायचे. मी सुदाम, सापगावचा वायरमन. लायसन्स आहे, डोकं आहे, आणि राग तर नाकावरच आहे.

हिशोब चोख होता, आजही सांगतो. दिवे, पंखे, भिंतीवरचे दहा मोठे पंखे, गिझर, मिक्सर, लाऊडस्पीकर, बोअरचा पाच हॉर्सपॉवरचा पंप. सगळं मिळून बत्तीस किलोवॅट. पण सगळं एकाच वेळी कोण चालवतो? गिझर सकाळी लागतात, बाहेरचे हॅलोजन संध्याकाळी. साठ टक्के धरले, म्हणजे एकोणीस किलोवॅट. जनरेटर केव्हीएत मोजतात, म्हणून त्याला पॉइंट आठने भागलं की चोवीस केव्हीए. पंचवीसचा घेतला. शेठ म्हणाला, "अजून मोठा नको ना?" मी म्हणालो, "काय हत्ती पोसायचाय?"

दोन हजार पाच साली संध्याकाळी भारनियमन असायचं, म्हणून लग्न जनरेटरवरच लागायचं. पहिल्या लग्नात शेवटचं 'सावधान' झालं, टाळ्या झाल्या आणि मशीन आचका देऊन बंद. दुसऱ्या लग्नात तेच. तिसऱ्यातही तेच. मी डिझेल बदललं, फिल्टर बदलला, अर्थिंग तपासली. दुपारी रिकाम्या हॉलात लग्नाच्या वेळी लागतं ते सगळं एकेक बटण दाबत चालू केलं, क्लॅम्प मीटर लावला. एकतीस अँपिअर. मशीन पस्तीस देते. तासभर चालली, हूं की चूं नाही. मला काहीच समजेना. मशीनला मुहूर्त कळतो की काय?

आणि त्याच हॉलात माझ्या पोरीचं, रंजिताचं लग्न ठरलेलं. मुलगा वैशाखरे गावचा, चांगला. त्याची आजी हिराबाई पत्रिका घेतानाच म्हणाली, "त्या हॉलात सावधान झालं का काळोख होतो, आमी आयकलंय. काळोखात सून घरात घेयाची नाय मी." हसत नव्हती ती. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा रंजिता घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. मला ते बघवेना.

लग्नाला दोन दिवस राहिले होते. मी वहीत तेच आकडे पुन्हा मांडत होतो. बायको रखमी म्हणाली, "तुमी मशीनलाच धरून बसलाव. लग्नात मानसं काय करतात ते बगितलंव का कदी?"

"काय करतात?"

"मंगलाष्टकांला पंखे बंद करतात. समई इझाय नको म्हनून. घामानं जीव जातो. सावधान झालं का बोर्डापाशी उभा आसतो तो सगली बटनं एकदम दाबतो. नि मंग सगली हात धुवाया पलतात."

मी वही मिटली. हात धुतले की टाकी उतरते, टाकी उतरली की पंप आपोआप सुरू होतो. आठ अँपिअरचा पंप सुरू होताना अठ्ठेचाळीस ओढतो. त्याच क्षणी थांबलेले सगळे पंखे एकदम. एकेकटे चालू केले की मोटर सुरू होताना मारलेला झटका आधीच्या झटक्यावर पडत नाही. इथे सगळे एका पंगतीला. आणि मी म्हणे सगळं एकाच वेळी कोण चालवतो! अक्कल नाही तर नुसतं लायसन्स. चाळीसचा घ्यायला हवा होता, पण दोन दिवसांत कुठून आणणार?

लग्नाच्या संध्याकाळी मी शेठच्या माणसाला बोर्डावरून हाकललं. पंपाचा आपोआपचा स्विच काढून टाकला. पंखे बंद झाले, पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. मशीनवर तेव्हाच सगळ्यात कमी ओझं असतं. अंगणातले हॅलोजन क्षणभर मालवले आणि टाकी आधीच भरून ठेवायला पंप सुरू केला. मशीन कण्हली, आतले दिवे मंदावले. दोन सेकंदांत दिवे पुन्हा भरले. हॅलोजन लावले.

रखमी धावत आली. "आवो चला ना, शेवटचं चाललंय. पोर तुमाला सोदते."

"मला हलता येत नाय." दुसऱ्या कोणाच्या हाताचा भरवसा नव्हता. ती तशीच पळत आत गेली.

भिंतीपलीकडे 'सावधान' झालं. मी पंख्यांची पहिली रांग लावली. थांबलो. दुसरी. थांबलो. मग भिंतीवरचे मोठे, एकेक करून. लोक उकाड्याने ओरडत होते, ओरडू दिलं. दिवा एकही गेला नाही.

हात पुसून आत गेलो तेव्हा हिराबाई रंजिताच्या गालावरून हात फिरवत होती. रंजिता माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमी व्हतात कुठं? माळ घालताना मी बगत व्हते."

बोर्डापाशी होतो, म्हणालो. ती मान हलवून हसली, पण डोळे भरले होते तिचे. माझेही भरले. एकुलत्या एक पोरीच्या लग्नातलं मी काय पाहिलं, तर मीटरचा काटा एकतीसवर येऊन थांबलेला.